शुक्रवारचं तिकीट रद्द करून शनिवारचं काढू का? किती पैसे जातील?

अनघा_ठाणे | सोमवार, १६ डिसेंबर २०२४, सकाळी ११.१०

मुंबई-नागपूर विदर्भ एक्स्प्रेसची थर्ड एसीची चार तिकिटं आहेत, शुक्रवार २० तारखेची. एकाच पीएनआरवर, चारही कन्फर्म. आयआरसीटीसीवरूनच काढली आहेत, तत्काळ नाहीत. प्रत्येकी १,४४० रुपये भाडं पडलं. आता शनिवारी निघायची वेळ आली आहे. शनिवारच्या विदर्भला वेटिंग आहे, सेवाग्रामला आरएसी दिसतंय.

रद्द करण्याचे पैसे नेमके कसे कापतात? आणि तत्काळ उघडेपर्यंत थांबलं तर फायदा की तोटा? साइटवर तक्ता आहे, पण तो वाचून माझा आकडा निघत नाहीये.

---

पाटील_बंधू | ११.२५

४८ तासांच्या आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात, ताई. बुधवारपर्यंत निवांत राहा.

---

लोहमार्ग | ११.५२

पाटील, पूर्ण मिळत नाहीत. ४८ तासांची वेळ बरोबर आहे, पण त्याआधीही ठरावीक रक्कम कापतातच आणि ती दर माणशी असते. थर्ड एसी आणि एसी चेअर कारला १८०, सेकंड एसीला २००, फर्स्ट एसीला २४०, स्लीपरला १२०, सेकंड सिटिंगला ६०. एसीच्या वर्गांत त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणून थर्ड एसीचे प्रत्यक्षात १८९ जातात.

अनघाताई, तुमची गाडी संध्याकाळी सातच्या सुमारास सुटते. तिथून मागे मोजत या.

बुधवार संध्याकाळी ७ च्या आत रद्द केलं तर १८९ गुणिले ४, म्हणजे ७५६ जातील. ५,७६० पैकी ५,००४ परत.

बुधवार संध्याकाळी ७ ते शुक्रवार सकाळी ७ या वेळेत २५ टक्के. दर माणशी ३६०, चौघांचे १,४४०. परत ४,३२०.

शुक्रवार सकाळी ७ ते दुपारी ३ या वेळेत ५० टक्के. २,८८० गेले, २,८८० आले.

शुक्रवारी दुपारी ३ नंतर कन्फर्म तिकिटाचं काहीच परत मिळत नाही.

राउंडिंगमुळे पाचेक रुपये इकडेतिकडे होतील. बुकिंग करताना भरलेली सुविधा फी (एसीला ३० अधिक जीएसटी, यूपीआयने भरले असतील तर २० अधिक जीएसटी) कुठल्याच टप्प्यात परत येत नाही. ती हिशेबात धरूच नका, ती आधीच गेली आहे. मात्र नवीन तिकिटाला ती पुन्हा भरावी लागेल, ती धरा.

---

अनघा_ठाणे | १२.०५

आता कळलं! म्हणजे बुधवारी संध्याकाळी पावणेसात आणि सव्वासात यांत ६८४ रुपयांचा फरक आहे.

---

कोकणकडा | १२.३०

या ४८ तासांच्या घाईबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या, ती सगळ्यांना सारखी लागू नाही. २५ टक्के "किमान रकमेच्या अधीन" असतात. म्हणजे २५ टक्क्यांचा आकडा किमान रकमेपेक्षा कमी आला तर किमान रक्कमच कापतात.

आमच्याकडे दादर-रत्नागिरी स्लीपर सव्वादोनशे-अडीचशेच्या घरात पडतं. त्याचे २५ टक्के साठ रुपये, पण कापतात १२०. ४८ तासांआधी रद्द केलं तरी १२०. म्हणजे चाळीस तास उरले आहेत म्हणून घाबरून रद्द करायचं कारणच नाही, गाडी सुटायच्या १२ तास आधीपर्यंत एकच दर. पुढच्या टप्प्यातही ५० टक्के म्हणजे १२०-१२५, फार तर पाच रुपये जास्त.

स्लीपरला ही सीमा ४८० रुपये भाड्याची आहे, कारण ४८० चे २५ टक्के म्हणजे १२०. थर्ड एसीला जीएसटी धरून ७५६. भाडं त्याखाली असेल तर ४८ तासांचा टप्पा तुमच्यासाठी नाहीच. अनघाताईंचं भाडं दुप्पट आहे, त्यांना मात्र तो टप्पा चांगलाच लागतो.

---

मीनल_पुणे | १२.४१

कोकणकडा, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पुणे-मुंबई सेकंड सिटिंगचं शंभर-एकशे दहाचं तिकीट असेल तर मग चार तास आधीपर्यंत ६० च जाणार ना?

---

कोकणकडा | १२.४८

हो. शंभरीच्या तिकिटाचे ५० टक्के म्हणजे पन्नास-पंचावन्न, ते साठच्या खालीच. फक्त चार तासांची रेघ ओलांडू नका.

---

गिरगावकर_दादा | १.१५

माझं विमानाचं तिकीट आहे, पुणे-नागपूर. ४,६०० ला काढलं आणि आता ३,७०० रद्द करण्याचे दाखवतायत. हे ४८ तासांचे नियम विमानाला लावून भांडता येईल का?

---

लोहमार्ग | १.४०

नाही, दादा. तो कारभार पूर्ण वेगळा. विमानात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून जी रक्कम होते, तिच्यापेक्षा जास्त रद्द-शुल्क कंपनीला लावता येत नाही. डीजीसीएचा नियम आहे तो. विमानतळ वापर शुल्क आणि सुरक्षेचं शुल्क "नॉन-रिफंडेबल" तिकिटावरही परत मिळतं, अगदी प्रवासी आलाच नाही तरी. तुमच्या तिकिटाची फोड उघडून बघा. मूळ भाडं अधिक इंधन ३,७०० असेल, तर त्यांनी वरच्या मर्यादेपर्यंत कापलंय आणि उरलेले ९०० यायलाच हवेत.

---

सायली_डोंबिवली | १.५८

गिरगावकर दादा, रद्द करायच्या आधी तारीख बदलण्याचा आकडाही काढा. लोक बदल-शुल्क बघतात आणि भाड्यातला फरक विसरतात.

समजा बदलाचे ३,००० आहेत आणि नव्या तारखेचं त्याच कंपनीचं भाडं ५,२०० आहे. तर ३,००० अधिक फरकाचे ६००, म्हणजे ३,६०० भरायचे. दुसरा मार्ग, ५,२०० चं नवीन तिकीट काढायचं आणि जुनं रद्द करून ९०० घ्यायचे, खिशातून ४,३०० गेले. म्हणजे बदल करणं ७०० ने स्वस्त. पण दुसऱ्या कंपनीचं तिकीट ४,२०० ला मिळत असेल तर ४,२०० वजा ९००, म्हणजे ३,३००. आता नवीन तिकीट ३०० ने स्वस्त झालं. तीनही आकडे कागदावर मांडल्याशिवाय काही कळत नाही.

---

गिरगावकर_दादा | २.१०

फोड बघतो आणि वेगळा धागा काढतो. अनघाताईंच्या धाग्यात घुसलो, माफ करा.

---

पाटील_बंधू | २.३५

मग अनघाताईंनी शनिवारचं वेटिंग काढून ठेवावं आणि शुक्रवारचं हातात ठेवावं. चार्ट लागला की कळेल. कन्फर्म झालं तर जुनं रद्द, नाही झालं तर जुन्यावर जावं.

---

लोहमार्ग | ३.०५

पाटील, यात एक अडचण आहे. शनिवारचा चार्ट गाडी सुटायच्या साधारण चार तास आधी लागतो, म्हणजे शनिवारी दुपारी. तेव्हा शुक्रवारची गाडी नागपूरला पोहोचून गेलेली असेल. जुन्यावर जायचं कुठून?

तुमची युक्ती उलट दिशेने चालते. तारीख अलीकडे आणायची असेल, म्हणजे शुक्रवारऐवजी गुरुवारी जायचं असेल, तर गुरुवारचं वेटिंग काढायचं. गुरुवारी दुपारी चार्ट लागतो. कन्फर्म झालं तर शुक्रवारचं तिकीट त्याच वेळी २५ टक्क्यांत रद्द करायचं. वेटिंगच राहिलं तर ई-तिकीट आपोआप रद्द होतं, दर माणशी ६० आणि जीएसटी म्हणजे ६३ कापून बाकी परत येतात. चौघांच्या प्रयत्नाची किंमत २५२ रुपये, आणि शुक्रवारचं तिकीट शाबूत.

तारीख पुढे ढकलताना मात्र जुनं तिकीट आधी मरतं आणि नव्याचा निकाल नंतर लागतो. तिथे वेटिंगवर विसंबणं हा जुगार आहे.

---

अनघा_ठाणे | ३.२०

आणि तत्काळ? सासरे म्हणतायत तत्काळ काढू, मिळेलच.

---

सायली_डोंबिवली | ३.४४

तत्काळाची वेळ बघा, ताई. एसीचं तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी १० ला उघडतं. शनिवारचं तत्काळ शुक्रवारी सकाळी १० ला. त्या क्षणी तुमच्या शुक्रवारच्या गाडीला उरले नऊ तास. लोहमार्गांनी वर दिलेल्या हिशेबात तुम्ही ५० टक्क्यांच्या टप्प्यात शिरलेल्या असाल.

म्हणजे तत्काळ मिळालं तर जुन्याचे २,८८० गेले आणि वर तत्काळाचा आकार. तो थर्ड एसीला ३०० ते ४०० च्या मध्ये असतो, ४०० धरला तर जीएसटी वगळून चौघांचे १,६००. नुसती एका दिवसाने तारीख हलवायला साडेचार हजार! सकाळी ७ च्या आत जुनं रद्द केलं तर २५ टक्केच जातील, पण मग १० वाजता तत्काळ मिळेल की नाही हे माहीत नसताना हातातलं तिकीट सोडावं लागेल. शिवाय कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक पैसा परत येत नाही. पुन्हा बेत बदलला तर सगळंच गेलं.

---

टाटानगर_मराठी | ४.१०

सेवाग्रामचं आरएसी घ्या ना. आरएसीवर गाडीत चढता येतं, बसायला जागा पक्की. रात्री कोणी आलं नाही तर बर्थ मिळतो. वेटिंगपेक्षा शंभर पटीने बरं.

---

मीनल_पुणे | ४.२२

चार जण आणि सोबत सासू-सासरे असतील तर रात्रभर अर्ध्या बर्थवर बसवणं मला पटत नाही. आरएसी तरुणांना ठीक.

---

टाटानगर_मराठी | ४.३०

आज सोमवार आहे, शनिवारपर्यंत बरीच आरएसी कन्फर्म होतात. सुरुवातीच्या आकड्यांत असतील तर मी घेतलं असतं.

---

जयंत_नाशिक | ५.१५

माझं मत, टीडीआर टाकून बघा. चार तासांच्या आतही टीडीआर टाकला की पैसे येतात. त्यासाठीच ती सोय आहे.

---

लोहमार्ग | ५.४०

जयंत, टीडीआर टाकला की पैसे येतात असं नाही, कारण बसावं लागतं. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिराने निघतेय आणि तुम्ही प्रवास केलाच नाही, हे चालतं. पण गाडी तुमच्या स्टेशनातून प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर टाकलेला हवा. डब्यातला एसी बंद होता, हे चालतं. "बेत बदलला" याला टीडीआरमध्ये जागा नाही, तो अर्ज नामंजूर होतो.

टीडीआर कामाला येतो अशी एक जागा मात्र लोकांना माहीत नसते. एकाच पीएनआरवर चौघे, चार्ट लागल्यावर दोघे कन्फर्म आणि दोघे वेटिंग. अशा वेळी चौघांचंही तिकीट सोडून द्यायचं असेल तर गाडीच्या नियोजित वेळेच्या अर्धा तास आधीपर्यंत चौघांचा मिळून टीडीआर टाकता येतो. कन्फर्म झालेल्या दोघांचेही फक्त क्लार्केजचे पैसे कापतात, सगळे बुडत नाहीत. एकट्या कन्फर्म प्रवाशाला ही सवलत नाही. म्हणून वेटिंगवर कुटुंबाचं तिकीट काढताना सगळे एकाच पीएनआरवर ठेवलेले बरे.

---

जयंत_नाशिक | ५.५५

बरं, कारणांचं लक्षात आलं. अजून एक विचारतो. मी नाशिकहून बसतो तेव्हा हे ४८ तास मुंबईच्या वेळेपासून मोजायचे की नाशिकच्या?

---

सायली_डोंबिवली | ६.०२

नाशिकच्या. तिकिटावर तुमच्या स्टेशनची वेळ छापलेली असते.

---

लोहमार्ग | ६.१५

नियमाच्या भाषेत "गाडी सुटण्याची नियोजित वेळ" इतकंच आहे. मी नेहमी मूळ स्टेशनची वेळ धरा असं सांगतो. मुंबई-नाशिक तीन-साडेतीन तासांचा फरक, तो आपल्या बाजूने धरून ठेवला की वाद उरत नाही. चार तासांच्या टप्प्याला तर नक्कीच, तिथे सगळं भाडं पणाला लागतं.

---

सायली_डोंबिवली | ६.२१

सावधगिरी म्हणून ठीक आहे, पण मला पटलेलं नाही. ई-तिकीट रद्द करताना शेवटचं बटण दाबायच्या आधीच्या पानावर किती कापणार तो आकडा दिसतो. वेळ सीमेवर असेल तर तो वाचूनच पुढे जावं.

---

काउंटरवाले_काका | रात्री ८.०५

पूर्ण धागा वाचला. अनघाताई, चौघांनाही शनिवारीच जायचंय का? तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये ते कुठेच नाही, आणि सगळा हिशेब चौघांचा चाललाय.

---

अनघा_ठाणे | ८.३०

काका, अडचण यांची एकट्याची आहे. शुक्रवारी रात्री आठपर्यंत यांची मीटिंग. मी आणि सासू-सासरे शुक्रवारी जाऊ शकतो. पण तिकीट एकच आहे म्हणून सगळंच हलवावं लागेल असं धरून चालले होते.

---

काउंटरवाले_काका | ८.५०

मग गणितच बदललं. एका पीएनआरवरचा एकच प्रवासी रद्द करता येतो. रद्द करायच्या पानावर चौघांच्या नावापुढे चौकोन येतात, फक्त यजमानांच्या नावावर खूण करा. बाकी तिघांचे बर्थ आहेत तसेच राहतात. झाल्यावर नवीन ई-तिकीट उतरवून घ्या, जुन्या प्रतीवर चौघांची नावं असतात आणि गाडीत उगाच प्रश्न येतात.

खर्च, बुधवारी सातच्या आत १८९. नंतर शुक्रवारी सकाळी सातपर्यंत ३६०. यजमान एकटे आहेत, त्यांना सेवाग्रामचं आरएसी चालेल, म्हणजे टाटानगर आणि मीनल दोघांचंही म्हणणं राहिलं. तत्काळ काढावं लागलं तरी एकाचेच पैसे. शुक्रवारी १० वाजता मिळालं तर जुन्याचे ७२० आणि वर तत्काळाचा आकार. त्यापेक्षा आजच आरएसी घेऊन बुधवारच्या आत जुनं सोडणं स्वस्त.

---

मीनल_पुणे | ९.०५

आरएसी आधी काढा, ताई, पीएनआर हातात आला की मग जुनं रद्द करा. उलट क्रमाने केलं तर मधल्या पाच मिनिटांत आरएसीचं वेटिंग होऊ शकतं. रिफंड खात्यात यायला काही दिवस लागतात, नव्या तिकिटाचे पैसे तोवर वेगळे लागतील.

---

विदर्भपुत्र | ९.२०

दुरांतो का बघत नाही? त्याच रात्री आहे, यजमान मीटिंग संपवून... नाही, सव्वाआठच्या आसपास सुटते, आठपर्यंत मीटिंग म्हटल्यावर नाही जमणार. शनिवारची दुरांतो बघा.

---

लोहमार्ग | ९.३२

शनिवारच्या दुरांतोचं भाडं आज दिसतंय ते पकडूनच हिशेब करा, उद्या तेच असेल असं नाही. राजधानी, शताब्दी, दुरांतोला सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे, दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं, १.४ पटीपर्यंत. आठवड्याभरावर आलेल्या तारखेला बहुधा वरचीच पायरी लागलेली असते. म्हणजे रद्द करायचे १८९ वाचवले आणि भाड्यात चारशे जास्त दिले असं व्हायला नको.

---

अनघा_ठाणे | ९.४५

एक विचारू का? माझे दीरही शुक्रवारीच यायला बघतायत. त्यांचं वेगळं तिकीट आहे, त्याच गाडीचं, वेटिंग ३१. यांचा बर्थ त्यांना देता येईल का?

---

काउंटरवाले_काका | १०.१०

हे आधी सांगायला हवं होतं, ताई! देता येईल. कन्फर्म तिकिटावरचं नाव कुटुंबातल्या माणसाच्या नावावर करून मिळतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको एवढीच नाती. दीर म्हणजे यजमानांचे सख्खे भाऊ, नात्यात बसतात. चुलत असतील तर नाही.

हे ऑनलाइन होत नाही. ई-तिकिटाची छापील प्रत, यजमानांचं ओळखपत्र, दिरांचं ओळखपत्र आणि भाऊ असल्याचा पुरावा (रेशनकार्डावर दोघांची नावं असतील तर सर्वांत सोपं) घेऊन आरक्षण केंद्रावर जायचं, साधा लेखी अर्ज द्यायचा. गाडी सुटायच्या २४ तास आधी, म्हणजे तुमच्यासाठी गुरुवारी संध्याकाळी ७ च्या आत. पण खिडकी त्याआधी बंद होऊ शकते, म्हणून बुधवारी सकाळीच जा. एका तिकिटावर हे एकदाच होतं, आणि ज्या बर्थचं नाव बदलायचंय तो कन्फर्म असला पाहिजे, तुमचा आहे.

झालं की दिरांचं वेटिंग रद्द करा, ६३ कापतील. यजमानांच्या जुन्या तिकिटाचे १८९ वाचले. शिवाय दिरांना वेटिंगच्या भरवशावर बसायला नको.

---

सायली_डोंबिवली | १०.१८

आणि दिरांचं वेटिंग नाव बदलून झाल्यावरच रद्द करा. खिडकीवर पुराव्यावरून अडलं तर निदान ते तिकीट तरी राहील.

---

कोकणकडा | १०.३५

रेशनकार्डावर दोघांची नावं नसतील, लग्नानंतर वेगळी कार्डं झाली असतील तर काय दाखवायचं? दोघांच्या आधारवर वडिलांचं नाव असतं, ते चालेल का?

---

काउंटरवाले_काका | १०.५२

कुठे चालवून घेतात, कुठे नाही. अंतिम निर्णय मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, जे जे वडिलांचं नाव दाखवतं ते सगळं सोबत न्या. म्हणूनच म्हटलं बुधवारी सकाळी. नाही म्हणाले तर संध्याकाळी ७ पर्यंत १८९ मध्ये रद्द करायची वेळ हातात उरते. गुरुवारी गेलात आणि नाही म्हणाले तर ३६०.

---

अनघा_ठाणे | ११.०५

यांचं शनिवारचं सेवाग्रामचं आरएसी आत्ताच काढलं, आरएसी १२. दिरांना कागद शोधायला सांगितलंय. बुधवारी सकाळी ठाण्याच्या खिडकीवर जातो आणि इथे कळवते.

---

जयंत_नाशिक | ११.२०

आरएसी १२ होईल कन्फर्म. ताई, खिडकीवर आधारवर मानलं की नाही तेही लिहा, मला पुढच्या महिन्यात हेच करायचंय, बहिणीच्या नावावर.